लागोम म्हणजे ‘मधलं’ नव्हे

‘लागोम’ या स्वीडिश शब्दाचा अर्थ सांगताना बहुतेक जण ‘फार जास्त नाही, फार कमीही नाही’ एवढं सांगून मोकळे होतात. त्यात चूक काही नाही, पण ऐकणारा त्यातून भलताच अर्थ काढतो. जास्त आणि कमी यांच्या मध्ये जे असतं ते लागोम, म्हणजे मध्यम, म्हणजे सरासरी. मग सगळं काही मधलंच पसंत करणाऱ्या, कशातच टोकाला न जाणाऱ्या माणसांचा देश असं स्वीडनचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. २०१७ च्या सुमारास जीवनशैलीवरच्या इंग्रजी पुस्तकांमधून हा शब्द जगभर पोचला, तेव्हा त्याच्यासोबत हा गैरसमजही पोचला. खरं तर लागोम आणि सरासरी यांचा हिशोब मुळापासून वेगळा आहे. तो कळायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्वयंपाकघर.

स्वीडनमध्ये दालचिनीचे गोड बन घरोघरी केले जातात. त्यांना ‘कानेलबुल्ले’ म्हणतात, आणि ४ ऑक्टोबर हा दिवसच त्यांच्या नावाने साजरा होतो. नेहमीच्या घरगुती कृतीत अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम ताजं यीस्ट, लोणी, साखर, थोडं मीठ, कुटलेली वेलची आणि मैदा असतो. बहुतेक स्वीडिश कृतींमध्ये दुधाचं तापमान लिहिलेलं असतं: ३७ अंश सेल्सियस. त्याला ते ‘फिंगरवार्म’ म्हणतात, म्हणजे बोट बुडवलं तर ना गरम लागत ना थंड, कारण आपल्या अंगाचं तापमानही तेवढंच असतं. थर्मामीटर नसला तरी बोट पुरतं. एवढं गरम दूध म्हणजे ‘लागोम वार्म’, यीस्टला मानवेल इतपत गरम.

आता हाच प्रश्न सरासरीच्या पद्धतीने सोडवून पाहू. फ्रिजमधलं दूध साधारण ५ अंशांचं असतं आणि उकळतं दूध साधारण १०० अंशांचं. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळलं तर सुमारे ५२ अंश येतात. गणित अचूक आहे, उत्तर बरोबर मधलं आहे, आणि बन मात्र फसणार. यीस्ट हा जिवंत जीव आहे. ५० अंशांच्या आसपास आणि त्यापुढे त्याच्या पेशी मरू लागतात. पीठ तासभर झाकून ठेवलं तरी फुगत नाही आणि भाजल्यावर बन दगडासारखे निघतात. म्हणजे कमी आणि जास्त यांच्या मधोमध असलेला आकडा ‘फार जास्त’ निघाला. तो का जास्त ठरला हे दोन्ही टोकांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी यीस्टकडेच पाहावं लागतं.

याच कृतीत पुढे मैद्याचं माप येतं तेव्हा ही गोष्ट आणखी बारकाईने दिसते. कृतीत साधारण १३ डेसिलिटर, म्हणजे १ लिटर ३०० मिलिलिटरच्या मापाइतका मैदा लिहिलेला असतो, पण आकड्यामागे ‘सुमारे’ हमखास असतं. मैदा किती पाणी शोषतो हे गव्हावर, दळण्यावर आणि हवेतल्या दमटपणावर ठरतं. म्हणून सगळा मैदा एकदम ओतायचा नाही, थोडा मागे ठेवायचा. मळता मळता पीठ भांड्याच्या कडा सोडू लागलं, पण बोटाला अजून किंचित चिकटतंय, की थांबायचं. तेवढा मैदा लागोम. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. बोटाला चिकटणारं पीठ त्याला बिघडलेलं वाटतं, म्हणून तो आणखी दोन मुठी मैदा घालतो. पीठ हाताळायला छान सोपं होतं, बन दिसायलाही सुबक होतात, पण दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. किती मैदा घालावा याचं उत्तर इथे पिठाने दिलं होतं, ते फक्त ओळखता यायला हवं होतं.

लागोम म्हणजे एकदा ठरवून ठेवलेला आकडाही नाही. समजा तेच बन सकाळच्या कॉफीबरोबर ताजे हवे आहेत. मग रात्री थंड दुधातच पीठ भिजवायचं, यीस्ट निम्म्याहून कमी घालायचं आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये हळूहळू फुगू द्यायचं. आता थंड दूधच लागोम झालं आणि ३७ अंश जास्त ठरले. दूध तेच, यीस्ट तेच. बदलला तो हेतू आणि हाताशी असलेला वेळ, आणि त्यांच्याबरोबर ‘पुरेसं’ही बदललं.

इथे दोन्हींतला फरक नीट पकडता येतो. सरासरी काढायला अनेक आकडे लागतात. दहा घरांतलं वीजबिल, शंभर मुलांची उंची, वर्षभराचा पाऊस. ते बेरजेत घ्यायचे, भागायचे, उत्तर आलं. या आकड्यांनी कुणाचं काय काम होणार आहे, हे सरासरीला विचारावं लागत नाही. लागोमला आकड्यांचा ढीग लागतच नाही, एकच भांडं आणि एकच माणूस असला तरी चालतं. पण ‘कशासाठी?’ आणि ‘कुणासाठी?’ हे ठाऊक असल्याशिवाय ते ठरवता येत नाही. म्हणून स्वीडिश बोलण्यात लागोमच्या मागेपुढे हेतू येत राहतो: दोघांपुरतं लागोम मोठं घर, तीन वर्षांच्या मुलाला लागोम होईल एवढी सायकल, नाताळ गाठण्यापुरतं लागोम वेळेत पोचलेलं पार्सल. मराठीत आपण ‘चवीपुरतं मीठ’ म्हणतो, त्यातल्या ‘पुरतं’मध्ये हाच हेतू दडलेला आहे. चवीपुरतं मीठ म्हणजे मिठाची सरासरी, असं कुणालाच वाटत नाही.

स्वीडिश भाषेने हा फरक स्वतःच जपलेला दिसतो. सरासरीला तिथे ‘येनोमस्निट’ म्हणतात. कुणी सरासरीपेक्षा जास्त हुशार आहे असं म्हटलं तर ती स्तुती असते. पण ‘मेर एन लागोम’, म्हणजे लागोमपेक्षा जास्त, असं म्हटलं की ती सहसा थोडी तक्रार असते. ‘मेर एन लागोम’ उत्सुक शेजारी म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा. सरासरीच्या वर जाता येतं, खालीही, आणि वर जाणं बहुधा चांगलंच मानतात. लागोमच्या पुढे गेलं की चुकलं. त्याच्या वर कौतुकाची जागाच नाही, कारण काम आधीच नेमकं झालेलं असतं. म्हणूनच ‘प्रिसीस लागोम’, म्हणजे ‘अगदी नेमकं’, हे शब्द स्वीडिश माणूस समाधानाने उच्चारतो.

शब्दाच्या उगमाबद्दल एक गोष्ट फार ऐकायला मिळते. व्हायकिंग मंडळी गोल बसून मधाच्या मद्याचं शिंग एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची. शेवटच्या माणसापर्यंत ते पुरायला हवं म्हणून प्रत्येकाने बेतानेच घोट घ्यायचा. ‘लागेत ओम’ म्हणजे मंडळाभोवती फिरवणं, आणि त्यावरूनच लागोम आला. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच टिकली आहे, पण भाषाशास्त्रज्ञ ती मान्य करत नाहीत. हा शब्द ‘लाग’ या शब्दाचं जुन्या स्वीडिशमधलं एक विभक्तिरूप आहे. ‘लाग’ म्हणजे कायदा, रीत, ठरलेली शिस्त. तेव्हा लागोमचा मूळ अर्थ ‘रीतीला धरून’, ‘जसं असायला हवं तसं’ असा निघतो. मापाचा अर्थ नंतर येऊन चिकटला. हे ध्यानात ठेवलं तर ‘मधलं’ हा अर्थ मुळात नव्हताच, हे लगेच पटतं.

मग तो आला कुठून? थोडा स्वीडिश बोलण्यातूनच आला. ‘लागोम कूल’ याचा शब्दशः अर्थ ‘लागोम मजेदार’, पण माणूस तसं म्हणतो तेव्हा त्याला फारशी मजा आलेली नसते. ‘मला त्यात लागोम रस आहे’ म्हणजे जवळजवळ नाहीच. टोचून बोलण्याच्या या सवयीने शब्दाला एक फिकट छटा दिली. मराठीत ‘बेत’ शब्दाचं अगदी असंच झालं आहे. ‘बेताने खर्च कर’ हा शहाणपणाचा सल्ला असतो, पण ‘बेताची परिस्थिती’ म्हणजे ओढगस्त आणि ‘अभ्यासात बेताचा’ म्हणजे जेमतेम. एकाच शब्दात समंजसपणाही आहे आणि उणेपणाही. कुठल्या जागी कोणता अर्थ, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळतं.

दुसरं कारण दुधाचं. स्वीडिश दुकानात साध्या दुधाचे प्रकार स्निग्धांशावरून मांडलेले असतात. ३ टक्क्यांचं ‘स्टँडर्ड’, दीड टक्क्याचं ‘मेलनम्योल्क’ आणि अर्ध्या टक्क्याचं हलकं दूध. मेलनम्योल्क याचा अर्थच ‘मधलं दूध’. स्वीडनला चिडवायचं असेल तर ‘मेलनम्योल्कचा देश’ म्हणतात, आणि ते ‘लागोमचा देश’ या जुन्या बिरुदाच्या शेजारी ठेवतात. दोन्ही एकच, असा समज तिथूनच पक्का होतो. पण नाताळात केली जाणारी तांदळाची घट्ट लापशी पाहा. ती नीट दाट आणि मऊसूत व्हावी म्हणून कृतीत सहसा ३ टक्क्यांचं दूध सांगतात. म्हणजे फळीवरच्या तिघांतलं सगळ्यात स्निग्ध दूध त्या लापशीला लागोम आहे आणि मधलं दूध तिच्यासाठी पातळ आहे. लागोम फळीच्या टोकालाही असू शकतं. सरासरीला ते कधीच जमणार नाही, तिला टोकांच्या आतच राहावं लागतं.

सरासरी आणि पुरेसं यांतला गोंधळ किती महागात पडू शकतो, हे स्वीडनने आपल्या शाळांमध्ये अनेक वर्षं अनुभवलं. १९६२ मध्ये तिथे नऊ वर्षांची सक्तीची एकसंध शाळा सुरू झाली आणि तिच्याबरोबर गुणांची नवी पद्धत आली. १ ते ५ अशा पाच श्रेणी होत्या. श्रेणी मिळायची ती त्याच इयत्तेतल्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत. सुमारे ७ टक्के मुलांना १, २४ टक्क्यांना २, ३८ टक्क्यांना ३, पुन्हा २४ टक्क्यांना ४ आणि ७ टक्क्यांना ५. म्हणजे ३ हा ठरवूनच सरासरीचा आकडा होता.

आता एका मुलीला गणितात ३ मिळाले, असं धरू. तिला अपूर्णांक येतात का? टक्केवारी काढता येते का? पुढच्या वर्गातलं समीकरण झेपेल का? श्रेणीवरून यातलं काहीच कळत नव्हतं. ती देशातल्या मुलांच्या मध्यावर आहे एवढंच कळायचं. एखाद्या वर्षी सगळ्याच मुलांना जास्त चांगलं येऊ लागलं, तरी निम्न श्रेणीतले ७ टक्के तेवढेच राहायचे. उलट सगळ्यांचंच गणित घसरलं तरी ५ मिळवणारेही तेवढेच. त्यात हे प्रमाण देशभरासाठी ठरवलेलं असताना काही शिक्षक ते आपल्या वीस-पंचवीस मुलांच्या वर्गालाच लावायचे. मग एखाद्या मुलाला ‘पाच संपले’ असं ऐकावं लागे. पेपर उत्तम लिहिला, पण वर्गाच्या वाट्याचे पाच आधीच वाटून झाले. स्वीडनमध्ये त्या पिढीच्या आठवणीत हे वाक्य अजून आहे.

१९९० च्या दशकात ही पद्धत मोडीत काढली. नव्या पद्धतीत प्रत्येक विषयात काय यायला हवं हे आधी लिहून ठेवलं आणि मुलाला ते येतं का, हे पाहून श्रेणी देऊ लागले. सध्याची ए ते एफ ही श्रेणीरचनाही, जी २०११ पासून आहे, याच तत्त्वावर चालते. ई ही उत्तीर्ण होण्याची सगळ्यात खालची पायरी. सगळी मुलं ती चढली तर सगळी उत्तीर्ण, कुणाच्याही वाट्याला नापास होणं येत नाही. या बदलाला कुणी ‘लागोम’ असं नाव दिलेलं नाही, पण त्यामागचा प्रश्न तोच होता. ‘इतरांच्या मानाने किती?’ ऐवजी ‘पुढच्या कामासाठी पुरेसं आहे का?’ नवी पद्धतही निर्दोष नाही. ‘पुरेसं’ याची व्याख्या शब्दांत करावी लागते आणि ते शब्द प्रत्येक शिक्षक थोडे वेगळे वाचतो, त्यामुळे एका शाळेतली ई दुसरीकडच्या ईइतकीच पक्की असेल याची खात्री नसते. सरासरीचं गणित यंत्रासारखं बिनचूक होतं, पुरेसेपणाला माणसाचा निवाडा लागतो. माझ्या मते ही किंमत मोजण्यासारखी आहे, पण ती किंमत आहे हे नाकारू नये.

हा निवाडा करायचा कुणी, हा लागोममधला सगळ्यात अवघड प्रश्न. यीस्टच्या बाबतीत तो यीस्टच करतो. माणसांच्या बाबतीत मात्र आजूबाजूचे लोक करतात, आणि तिथे लागोम हळूच बदलतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ‘कॅफेरेप’, स्वीडिश बायकांची कॉफीची बैठक.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराघरात लोखंडी चुली आल्या, साखर आणि गव्हाचं पीठ सामान्यांच्या आवाक्यात आलं, आणि दुपारच्या कॉफीला शेजारणींना बोलवायची रीत पडली. टेबलावर काय असावं याचा क्रम ठरलेला होता. आधी गोड पाव किंवा बन, मग साधा केक, मग छोटी कुरकुरीत बिस्किटं, आणि शेवटी क्रीमचा केक. कप रिकामा झाला की ‘पोतोर’, म्हणजे पुन्हा भरलेला कप. आणि पदार्थ किती? सात प्रकारचे. सातहून कमी असले तर यजमानीण चिक्कू ठरायची, जास्त असले तर मिरवणारी. ही रीत इतकी रुजली की १९४५ मध्ये निघालेल्या घरगुती बेकिंगच्या एका अतिशय खपाच्या पुस्तकाचं नावच ‘सात प्रकारची बिस्किटं’ असं होतं, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजूनही निघतात.

सात हा आकडा कशाचीच सरासरी नव्हता. कुणी गावातल्या टेबलांवरच्या ताटल्या मोजून भागाकार केला नव्हता. पाहुणीचा मान राखला जावा आणि यजमानीण गर्विष्ठ दिसू नये, असे दोन हेतू होते आणि सातमध्ये दोन्ही साधत होते. त्या अर्थाने सात लागोम होते. पण त्या सात प्रकारांमागचे कष्ट पाहा. प्रत्येकाचं पीठ वेगळं, काहींत बदाम, काहींत फळांचा मुरांबा, प्रत्येकाची भाजायची वेळ वेगळी, आणि बैठकीआधीचे दोन-तीन दिवस भट्टीपुढेच. सुखवस्तू घराला जे लागोम होतं ते मजुराच्या घराला परवडणारं नव्हतं, तरी मोजपट्टी एकच लावली जायची. इथे लागोमने आपला मूळ प्रश्न सोडून दिला. ‘या घराला, या पाहुणीला किती पुरे?’ हे कुणी विचारेना, ‘बाकीच्या किती ठेवतात?’ एवढंच पाहिलं जायचं. नाव लागोमचं राहिलं आणि काम सरासरीने सुरू केलं.

शेजारच्या डेन्मार्क-नॉर्वेतून आलेल्या ‘यान्टेलागेन’ या कल्पनेशी लागोमची नेहमी गल्लत होते ती याच टप्प्यावर. यान्टेलागेन म्हणजे ‘तू काही विशेष आहेस असं समजू नकोस’ असा समाजाचा अलिखित दम. तो माणसाला इतरांच्या पातळीवर खेचतो. लागोम गोष्टीला तिच्या कामाच्या पातळीवर ठेवतं. कार्यालयात कुणी मोठी कल्पना मांडली आणि ‘जरा लागोम घ्या’ असं उत्तर आलं, तर यांपैकी नेमकं कोण बोलतंय हे एका प्रश्नाने कळतं: लागोम, पण कशासाठी? वेळ दोन महिने आहे, माणसं तीन आहेत, एवढ्यात हे बसणार नाही, असं कारण मिळालं तर तो खरा लागोमचा हिशोब आहे. ‘आपल्याकडे असं कुणी करत नाही’ एवढंच मिळालं तर ते यान्टेलागेन आहे.

कॉफीच्या टेबलावरचा आकडाही नंतर बदलला. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन लढाईत नव्हता, पण कॉफी, साखर आणि पीठ कुपनांवर मिळायचं, तेव्हा सात प्रकार करणं बहुतेकांना शक्य नव्हतं. पुढे बायका मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या आणि दोन-तीन दिवस भट्टीपुढे उभं राहायला वेळही उरला नाही. कॅफेरेपची जागा ‘फिका’ने घेतली, म्हणजे कामातून उठून सोबत कॉफी पिण्याने. तिथे बहुतेक वेळा प्रत्येकाला एक बन असतो, आणि पुरतो.